राउंड ऑफचे पैसे कुठे लिहावेत?

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी लोखंडी ग्रिलचे एक बिल घेऊ. माल 4,235 रुपये, केंद्राचा व राज्याचा जीएसटी प्रत्येकी 381.15, बेरीज 4,997.30. गिऱ्हाइकाकडून 4,997 रुपये घ्यायचे. उरलेले 30 पैसे विक्रीतून वा करातून कापू नयेत. तसे केल्यास वही आणि विवरणपत्र जुळत नाही. बिलात ‘राउंड ऑफ’ची वेगळी ओळ लिहावी. किर्दीत गिऱ्हाइकाच्या नावे 4,997, राउंड ऑफ खात्याच्या नावे 30 पैसे. विक्री व कर मात्र पूर्ण जमा. पैसे वर चढवले, तर ते या खात्यात जमा होतात. वर्षअखेर शिल्लक नफा-तोटा खात्यात न्यावी. एखाद्या बिलात ही रक्कम 50 पैशांहून जास्त दिसली, तर ती सूट किंवा चूक आहे, असे आम्ही समजतो.