साहेब बदलले, उधारी तीच

निफाड तालुक्यातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाला कंपनी म्हणजे काय असं विचारलं, तर तो बहुधा टेरिटरी मॅनेजरकडे बोट दाखवेल. माल लावणारा, स्कीम सांगणारा, परत गेलेल्या मालाची क्रेडिट नोट काढून देणारा माणूस तोच. हा 'साहेब' नोकरी सोडून गेला, की कंपनी जुन्या डीलरांना पत्र पाठवते: यापुढे आपल्या भागाचं काम अमुक पाहतील, पूर्वीप्रमाणेच सहकार्य असावं. बहुतेक पत्रं एवढ्यावरच संपतात, आणि नेमकं कामाचं तेच राहून जातं.

डीलरच्या मनात प्रश्न नव्या साहेबाच्या पदवीचा नसतो, जुन्याच्या शब्दाचा असतो. समजा, कंपनीच्या खात्यात त्याच्याकडून ४,८०,००० रुपये येणे दिसतंय. तो म्हणतो, ६२,००० चा कीटकनाशकाचा माल मी परत पाठवला, त्याची क्रेडिट नोट अजून आली नाही. शिवाय द्राक्षाच्या हंगामात साहेबांनी ३५,००० ची स्कीम कबूल केली होती. त्याच्या हिशेबी देणं ३,८३,००० च. परत पाठवलेल्या मालाची ट्रान्सपोर्टची पावती असते, त्यामुळे तो वाद मिटतो. स्कीम मात्र फोनवर ठरलेली, फार तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ओळीत. नवा माणूस पहिल्या भेटीत वसुलीचा आकडा पुढे करतो, डीलर स्कीम काढतो, आणि ओळख भांडणाने होते.

म्हणून चांगल्या पत्रासोबत खातेउतारा जोडलेला असतो आणि मजकुरात एक साधा परिच्छेद असतो:

'सोबत आपला खातेउतारा पाठवत आहोत. परत केलेला माल, प्रलंबित क्रेडिट नोट किंवा पूर्वी कबूल केलेली योजना यांपैकी काही त्यात आलेले नसल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावे. आमचे एरिया मॅनेजर त्याची तपासणी करून आपल्याला लेखी उत्तर देतील.'

यात 'सर्व आश्वासने पाळली जातील' असं कुठेही नाही. तसं लिहिणं गोड वाटतं, पण जुन्या साहेबाने कुठे काय कबूल केलंय हे पत्र लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. दुसरीकडे, 'मागील व्यक्तीच्या शब्दाला कंपनी जबाबदार नाही' असं लिहिणारेही असतात. ते डीलरला दुखावतं, आणि कायद्यातही नेहमी टिकेल असं नाही; प्रतिनिधीला तेवढा अधिकार आहे असं कंपनीच्याच वागण्यावरून समोरच्याला वाटलं असेल, तर कंपनी त्याच्या शब्दाने बांधली जाऊ शकते.

पत्र लवकर जाण्यामागेही कायद्याचंच कारण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०८ प्रमाणे प्रतिनिधीचा अधिकार संपल्याचं बाहेरच्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपलेला धरत नाहीत. म्हणजे मॅनेजर ३१ तारखेला गेला, पत्र वीस दिवसांनी पोचलं आणि मधल्या काळात काहीच ठाऊक नसलेल्या डीलरने नेहमीसारखे त्याच्या हाती पैसे दिले, तर 'तो तेव्हा आमचा नव्हता' एवढ्यावर कंपनीची सुटका होणं अवघड. त्यामुळे पत्रात जुन्या मॅनेजरचा शेवटचा दिवस तारखेसह हवा, आणि रक्कम फक्त कंपनीच्या खात्यात एनईएफटीने किंवा कंपनीच्या नावाच्या अकाउंट पेयी चेकने द्यावी, रोख कोणाच्याही हाती देऊ नये, हेही. हे वाक्य नव्या साहेबालाही लागू आहे. तसं स्पष्ट लिहिलं तर जुन्यावर संशय घेतल्यासारखं दिसत नाही.

तो का गेला, हे लिहू नये. 'ते आता कंपनीत कार्यरत नाहीत' एवढं पुरे. पुष्कळदा तो स्पर्धक कंपनीत, त्याच तालुक्यात रुजू झालेला असतो, आणि नोकरी सोडल्यानंतर त्याला तसं करण्यापासून रोखणारी अट त्याच कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. डीलरशी त्याची वर्षानुवर्षांची ओळख असते. त्याच्याविषयी वाकडा शब्द लिहिला, तर तो फोटो काढून त्यालाच पाठवला जातो. तालुक्यात अशा गोष्टींना संध्याकाळही व्हावी लागत नाही.

सही कोणाची, हेही महत्त्वाचं. 'मी नवा मॅनेजर' असं नव्यानेच लिहिलेलं पत्र म्हणजे स्वतःच स्वतःची हमी. सही एरिया किंवा रीजनल मॅनेजरची हवी, सोबत नव्याचा एम्प्लॉई कोड आणि कंपनीने दिलेला मोबाइल नंबर. जुन्याचा खासगी नंबर 'कंपनी साहेब' या नावाने अनेक फोनांत साठवलेला असतो. ऑर्डर तिकडेच जात राहतात.

आणि पत्र पोस्टाने पोचलं म्हणजे डीलरला कळलं, असं धरून चालू नये. खरीप तोंडावर असेल तर काउंटरवरच्या गर्दीत पाकीट तसंच पडून राहतं. नव्या मॅनेजरने पहिल्या फेरीत एरिया मॅनेजरला सोबत घ्यावं, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर डीलरची तारखेसह सही आणि शिक्का घ्यावा, आणि त्या दिवशी वसुलीचा विषय न काढता ६२,००० आणि ३५,००० हे दोन आकडे डीलरच्या तोंडून ऐकून वहीत टिपून घ्यावेत.