आजीची सही

समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षकाचं अचानक निधन झालं. व्यापारी बँकेतल्या त्यांच्या खात्यात ८ लाख ४० हजार रुपये आहेत. नॉमिनी लावलेला नाही, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे पत्नी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि शिक्षकांची म्हातारी आई. बँकेत चौकशी केली की ‘कोर्टाचा दाखला आणा’ असं ऐकायला मिळतं आणि घरचे धास्तावतात.

एवढ्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५मध्ये नवे निर्देश काढले आणि ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६पर्यंत मुदत दिली. वारसांत वाद नसेल, तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे आहेत. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रं, हमीपत्र आणि वारस ठरवणारा एक कागद एवढं त्यासाठी लागतं. हा कागद म्हणजे सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला. तो नसेल, तर कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचं घोषणापत्र चालतं. या मर्यादेत बँकेने बाहेरचा जामीनदार मागायचा नाही.

खरी अडचण येते ती वारसांच्या यादीत. घरचे बहुतेकदा पत्नी आणि मुलं एवढीच नावं लिहितात. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६नुसार मृत पुरुषाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. वडील त्या वर्गात नाहीत, त्यामुळे हा घोळ आणखी वाढतो. लग्न झालेल्या मुलीचा हक्क मुलाइतकाच. म्हणजे या घरात चार समान वाटे पडतात, प्रत्येकी २ लाख १० हजारांचे.

सगळी रक्कम सुनेच्याच हाती जावी असं आजींना वाटत असेल, तर त्यांनी स्वतः ना-हरकत पत्रावर सही करायची. मुलाने आणि मुलीनेही तसंच करायचं. आजींचं नाव यादीतून गाळून वेळ वाचवायचा मोह कृपा करून टाळा. त्यांचा हक्क डावलला जातो आणि खोट्या माहितीवर हमीपत्र दिल्याची जबाबदारी सही करणाऱ्यांवर येते. आजी सही द्यायला तयार नसतील, तर त्यांचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे. वारसांत भांडणच असेल, तर मात्र कोर्टात जावं लागतं.

तलाठ्याकडे सातबाऱ्यावर लावलेली वारस नोंद जमिनीसाठी असते. तिच्यावर विसंबून बँकेत गेलेली माणसं हात हलवत परत येतात. दुसरं म्हणजे, मृत्यूनंतर त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, मग ते दिवसकार्यासाठी का असेनात. ते पैसे सगळ्या वारसांचे असतात.

सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला, तर बँक दरापेक्षा वार्षिक ४ टक्के जास्त दराने व्याज द्यावं लागतं. म्हणून अर्ज देताना तारखेची पोच घ्या आणि कागद पूर्ण असल्याचं तिच्यावर लिहून मागा.