सायनस : रंग पाहू नका, दिवस मोजा

सोमवारी सर्दी सुरू झाली. गुरुवारी सकाळी उठल्यावर डोकं जड, डोळ्यांखाली गालांवर ठणका, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड. पस्तिशीच्या एका शिक्षिकेची ही कल्पित कहाणी समजा. वही उचलायला वाकलं की कपाळ फुटेल असं वाटतं, वरच्या दाढाही दुखतात. घरचे म्हणतात, "हिरवं झालंय म्हणजे इन्फेक्शन. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आण." तिने आणाव्यात का?

चौथ्या दिवशी तरी नाही. गालांच्या आणि कपाळाच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात. त्या अगदी बारीक छिद्रांनी नाकात उघडतात. सर्दीने नाकाचं अस्तर सुजलं की ही छिद्रं बुजतात, आतला स्राव तुंबतो आणि चेहरा जड होतो. गालातल्या पोकळीचा तळ वरच्या दाढांच्या मुळांना लागून असल्यामुळे दाढाही ठणकतात. राहिला रंग. आजाराशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हिरवट रंगाचं एक द्रव्य असतं, त्यानेच शेंबूड हिरवा होतो. विषाणूची साधी सर्दीही तीन-चार दिवसांनी असाच रंग दाखवते. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांपैकी जेमतेम एक-दोन जीवाणूंच्या सायनसपर्यंत जातात, आणि अँटिबायोटिक चालतं ते फक्त जीवाणूंवर.

मग या दिवसांत करायचं काय? आपल्याकडे पहिला उपाय वाफेचा. गरम ओलाव्याने बरं वाटतं, नाक थोडा वेळ मोकळं होतं, तेवढ्यापुरती ती घ्यावी. पण वाफ बुजलेल्या सायनसमध्ये शिरत नाही आणि तिने आजाराचे दिवस कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उकळत्या पातेल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन बसणं मात्र खरंच धोक्याचं आहे. पातेलं कलंडून मांड्या भाजतात, आणि यात लहान मुलं फार सापडतात. मुलांना अशी वाफ देऊच नये. मोठ्यांना गरम पाण्याच्या अंघोळीनेही तोच आराम मिळतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं याहून कामाचं, कारण घट्ट स्राव त्यामुळे प्रत्यक्ष बाहेर पडतो. जलनेतीचा लोटा किंवा मेडिकलमध्ये मिळणारी पिळायची बाटली, दोन्ही चालतात. पाव लिटर पाण्याला अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी साधं, आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळून कोमट केलेलं हवं. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी तसंच वापरू नये. पिताना जे निर्धोक असतं ते नाकात निर्धोक असेलच असं नाही. पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे फार दुर्मिळ आहे, पण त्यातून जगणारे थोडेच.

बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करावी, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी हळू सोडावं. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. झोंबलं तर मिठाचं प्रमाण चुकलं आहे. नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर जोर लावू नये. नंतर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी, आणि लोटा उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडा ठेवावा. सोबत दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. नाक मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घातले तर उलट चोंदणं वाढतं.

आता आपल्या शिक्षिकेचे पुढचे दिवस. सातव्या-आठव्या दिवशी जडपणा ओसरू लागला, तर शेंबूड अजून पिवळा असला तरी गोळ्यांची गरज नाही. दहा दिवस उलटूनही काडीचा फरक नसेल, तर डॉक्टर जीवाणूंचा विचार करतात. पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा ताप, ठणका आणि स्राव उसळला, तर तेही तसंच लक्षण. तिसरी खूण म्हणजे सुरुवातीलाच १०२ अंशांवर ताप आणि घट्ट स्राव किंवा चेहऱ्याचं दुखणं सलग तीन-चार दिवस. अशा वेळीसुद्धा प्रकृती बरी असेल आणि पुन्हा दाखवायला येणं शक्य असेल, तर काही डॉक्टर आणखी थोडे दिवस वाट पाहतात. औषध द्यायचंच ठरलं तर बहुधा अमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसोबत, मोठ्यांना साधारण पाच ते सात दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगावं. घरातली मागच्या वेळची उरलेली पाकिटं उघडू नयेत. त्यांतलं औषध आणि डोस या दुखण्यासाठी असतीलच असं नाही.

दिवस मोजत बसू नये अशी लक्षणंही आहेत : डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचं दोन दिसणं, असह्य डोकेदुखी, मान आखडणं, गुंगी. मधुमेह असलेल्या किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या नाकात वा टाळूवर काळी खपली दिसली, चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली, तर ती म्युकरमायकोसिस ही बुरशी असू शकते. २०२१मध्ये महाराष्ट्राने तिचे बरेच रुग्ण पाहिले. तिथे वाफही नाही आणि मिठाचं पाणीही नाही. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, रुग्णालय गाठायचं.