बारापैकी एकच

बुडापेस्टचे वास्तुरचनेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी 1974 साली घडविलेला घन आमच्या घरी आहे, आणि घरातील मुलांना तो सोडविण्यापेक्षा मोडण्याचीच हौस अधिक. वरचा थर पंचेचाळीस अंशांनी तिरपा करून कडेच्या एका तुकड्याखाली अंगठ्याने जोर दिला, की तो तुकडा निखळून येतो आणि मग बाकीचे तुकडे पाठोपाठ हाती येतात. उरतो तो सहा मध्यबिंदूंचा सांगाडा. हे मध्य जागच्या जागी फिरतात, परंतु परस्परांतील स्थान सोडीत नाहीत. म्हणून पांढरा वर व हिरवा समोर धरला, की इतर प्रत्येक तुकड्याचे मूळ ठिकाण निश्चित होते.

आता मेजावर तीन रंगांचे आठ कोपरे आणि दोन रंगांचे बारा कडेचे तुकडे पडलेले असतात. आठ कोपरे आठ जागी 40,320 प्रकारांनी मांडता येतात, आणि त्यांतील प्रत्येक तुकडा तीन तऱ्हांनी बसू शकत असल्यामुळे त्या संख्येस आठ वेळा तिनाने गुणावे लागते. कडांची मांडणी 47,90,01,600 प्रकारांनी होते आणि प्रत्येक कड सुलट वा उलट बसत असल्याने तिला बारा वेळा दोहोंनी गुणावे लागते. या दोन्ही राशींचा गुणाकार सुमारे बावन्न लाख कोटी कोटी इतका भरतो. संख्या अशी अफाट होण्याचे कारण घन मोठा आहे हे नव्हे, तर वीसच तुकड्यांचे पर्याय एकमेकांत मिळविले न जाता गुणिले जातात, हे आहे.

परंतु ही गणती मोडून जोडणाऱ्याची झाली. केवळ थर फिरवून खेळणाऱ्याच्या वाट्यास तिचा बारावा हिस्सा येतो: 4,32,52,00,32,74,48,98,56,000. बाकीचे अकरा हिस्से कोठे गेले, हे पाहणे मला त्या अजस्र आकड्याच्या कौतुकापेक्षा अधिक रंजक वाटते.

कोपऱ्यांचा जमाखर्च प्रथम घेऊ. प्रत्येक कोपऱ्यावर पांढरा किंवा पिवळा, यांपैकी एक रंग असतोच. तो रंग वरच्या वा खालच्या अंगास असेल तर त्या कोपऱ्याच्या नावे शून्य मांडावे. तेथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक पिळा पडला असेल तर एक, दोन पडले असतील तर दोन. वरचा किंवा खालचा थर फिरविल्याने ही नोंद बदलत नाही. उजवी बाजू पाव फेरा फिरविली, तर तिच्या चार कोपऱ्यांपैकी दोघांच्या खाती एकेक व उरलेल्या दोघांच्या खाती दोन-दोन चढतात. बेरीज सहा, आणि तिला तिनाने भागले असता बाकी शून्य. इतर उभ्या बाजूंचीही तीच रीत. सोडविलेल्या घनाची बेरीज शून्य असल्यामुळे, कितीही फेरे दिले तरी तिला तिनाने निःशेष भाग जातो, आणि म्हणून एकच कोपरा पिळलेला व बाकी सारे यथास्थित, अशी स्थिती फिरवून कधीही येत नाही. येथे तीनांपैकी दोन हिस्से गळाले. कडांच्या उलटण्याचा हिशेब असाच, पण दोनाचा: उलटलेल्या कडांची संख्या नेहमी सम राहते, आणि उरलेल्यांतील निम्म्या मांडण्या बाद होतात.

तिसरे बंधन सम-विषमतेचे, आणि माझ्या मते सर्वांत सूक्ष्म. पाव फेऱ्यात चार कोपरे एका वर्तुळात पुढे सरकतात. हेच काम दोन-दोन तुकड्यांच्या अदलाबदलीने करावयाचे तर तीन अदलाबदली लागतात. चार कडांसही तीनच. अर्थात प्रत्येक पाव फेऱ्यागणिक कोपऱ्यांची मांडणी समाची विषम किंवा विषमाची सम होते आणि कडांची मांडणीही त्याच क्षणी तशीच पालटते. दोघींचा मेळ कधी मोडत नाही. कोपरे यथास्थान ठेवून केवळ दोनच कडांची बदली करू पाहणाऱ्यास एक विषम अदलाबदल हवी असते, आणि तिला घनाच्या कायद्यात मुभा नाही. तीन, दोन व दोन यांचा गुणाकार बारा. उरलेल्या हिश्श्यातील मात्र प्रत्येक स्थिती गाठता येते, कारण बाकी सर्व जैसे थे ठेवून तीनच तुकडे फिरविणाऱ्या, दोनच कोपरे परस्परविरुद्ध पिळणाऱ्या आणि दोनच कडा उलटविणाऱ्या चाली प्रत्यक्ष उपलब्ध आहेत.

म्हणून विचार न करता जोडलेला घन सुटेल, याचा संभव बारांत एक. दोष मात्र अखेरच्या थरापाशीच उघडा पडतो, तोवर सारे सुरळीत चालल्यासारखे भासते. एकच कोपरा वाकडा राहिला तर तो बोटांनी पिळून किंवा काढून पुन्हा बसवावा. एकटी कड उलटी राहिली तर ती काढून फिरवावी. दोनच कडा अदलाबदल झालेल्या दिसल्या तर त्या दोन्ही काढून परस्परांच्या जागी घालाव्यात. परंतु दोन कडांबरोबर दोन कोपरेही अदलाबदल झालेले आढळले, तर तुकडे उचकटण्याची घाई करू नये. तेथे दोन्हीकडची विषमता जुळलेली असते आणि ती मांडणी घनाच्या कायद्यात बसते. एवढीच अदलाबदल करणारी चाल शेवटचा थर सोडविणाऱ्यांना नित्य लागते.