चाळिसाव्या चालीपूर्वी

बुद्धिबळाच्या डावात घड्याळ संपत आले असता आणि पटावर दोन्ही राजांभोवती धोक्यांचे जाळे पसरलेले असता, सर्वोत्तम चाल शोधण्याचा आग्रह धरणारा खेळाडू बहुधा स्वतःचेच नुकसान करून घेतो. कारण त्या घटकेला त्याच्या हाती जी वेळ शिल्लक असते, ती सत्य सिद्ध करण्यास अपुरी आणि फक्त अनर्थ टाळण्यास कशीबशी पुरेशी असते. हा भेद 1960 साली मॉस्को येथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहाव्या डावाइतका स्पष्टपणे क्वचितच प्रकट झाला असेल.

पांढरी मोहरी होती जगज्जेत्या मिखाईल बॉटव्हिनिककडे. काळी तेवीस वर्षांच्या मिखाईल तालकडे. पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकाला अडीच तासांची मुदत होती. एकविसाव्या चालीला, पटाच्या कडेला अडकलेला आपला घोडा तालने एफ4 या घरात, पांढऱ्या प्याद्याच्या थेट तोंडी नेऊन ठेवला. घोडा मारताच काळ्याच्या मधल्या प्याद्याने पुढे येऊन प्रतिघात केला, आणि त्यामुळे जी7 वरील काळ्या उंटाचा, तोवर त्याच प्याद्याने अडवून ठेवलेला, लांब तिरपा मार्ग एकदम मोकळा झाला. ताल एक मोहरे उणा होता; परंतु आता प्रत्येक चालीला नवा प्रश्न सोडवण्याचे ओझे बॉटव्हिनिकवर आले आणि वेळही त्याच्याच घड्याळातील सरू लागली. पुढे चिकित्सकांनी दाखवून दिले की तेविसाव्या चालीला कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवून काळ्या वजिराला हुसकावले असते, तर पांढऱ्याची बाजू वरचढ ठरती. पण शांत दिसणारी अशी चाल निवांत खोलीत जितकी सापडते तितकी रंगमंचावर सापडत नाही.

निर्णायक क्षण चोविसाव्या चालीनंतर आला. तालने वजीर पांढऱ्या हत्तीच्या माऱ्यात तसाच सोडून एफचे प्यादे तिसऱ्या रांगेपर्यंत पुढे ढकलले, आणि ते पांढऱ्या वजिरावर व उंटावर एकाच वेळी धावून आले. बॉटव्हिनिकपुढे मुख्यतः दोन मार्ग होते: हत्तीने काळा वजीर मारायचा, त्याच्या बदल्यात आपला वजीर जाऊ द्यायचा आणि एक मोहरे जास्त असल्याच्या भरवशावर पुढे जायचे; किंवा उंटाने ते प्यादेच नाहीसे करायचे, हत्तीच्या मोबदल्यात उंट पत्करायचा आणि वजीर पटावर असतानाच गुंता सहन करायचा. त्याने पहिला मार्ग निवडला, आणि वेळ अपुरी असणाऱ्या कोणाही विचारी माणसाला तोच मार्ग मोहक वाटेल. वजीर गेले की डाव शांत होतो, अशी आपली पक्की समजूत असते.

ती समजूत येथे फसली, आणि का फसली हे पाहण्यासारखे आहे. वजीर गेले, पण वजीर मारणारे काळे प्यादे ई2 वर, शेवटच्या घरापासून एका पावलावर, जिवंत राहिले. त्याला अडवण्यासाठी पांढऱ्या उंटाला ई1 वर जाऊन बसावे लागले. त्या कैदेमुळे जास्तीचे मोहरे असूनही नसल्यासारखे झाले. मग काळ्या उंटाने आधी शह दिला, नंतर सी1 वरच्या हत्तीवर नेम धरला, आणि काही चालींतच तालने मोहरे वसूल करून वर एका प्याद्याची आघाडी मिळवली. सत्तेचाळिसाव्या चालीला बॉटव्हिनिकने डाव सोडला.

दुसरा मार्ग त्याला तारता. उंटाने प्यादे मारल्यावर तालचा उंट हत्ती घेतो, दुसरा हत्ती त्याचा सूड उगवतो, आणि काळा वजीर सी2 वर घुसतो; तेथे पांढऱ्याचा उंट ई4 वर येऊन वजिरालाच आव्हान देतो. काळ्या हत्तीने तो मारला, तरी घोडा त्या हत्तीला टिपतो आणि नंतर डी6 वर उडी घेतो. पुढे पांढऱ्याचीच स्थिती चांगली राहते. ही उंटाची चाल आधी दिसली पाहिजे, असे मी म्हणणार नाही. ती न पाहताही उंटाने प्यादे मारण्याचा निर्णय घेता आला असता, आणि माझ्या मते व्यावहारिक चालीचे मर्म येथेच आहे: मोहऱ्यांचा हिशेब दोन्ही पर्यायांत जवळपास तोलाचा असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्याचे सर्वांत पुढे आलेले साधन कोणते हे विचारावे, आणि जी चाल ते साधन पटावरून दूर करते तिला अग्रक्रम द्यावा. मारामारीनंतर एकूण मोहरी किती कमी होतात यापेक्षा, त्या मारामारीतून प्रतिस्पर्ध्याचे कोणते मोहरे जिवंत व पुढे सरकलेले राहते, हे पाहण्यास फार तर अर्धे मिनिट लागते.

या तपासणीलाही मर्यादा आहे. उंटाने प्यादे मारण्यापूर्वी बॉटव्हिनिकला काळ्याचे सर्व शह आणि सर्व मारे एकदा नजरेखालून घालावेच लागले असते. ते न पाहता कोणतेही सर्वसाधारण तत्त्व लावणे म्हणजे केवळ अंदाज करणे होय. त्याचप्रमाणे सी2 वर वजीर घुसल्यानंतर ई4 वरील उंटाची चाल शोधण्यासाठी काही मिनिटे लागली असती, आणि चाळिसावी चाल अद्याप बरीच दूर असल्याने ती मिनिटे आधीच्या चालींत वाचवून ठेवलेली असणे आवश्यक होते.