ढालीची भीती

जून १९६७. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ग्लासबरो या छोट्या गावी, कॉलेजच्या अध्यक्षांच्या बंगल्यात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिजिन समोरासमोर बसले होते. कोसिजिन संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला आलेले. वॉशिंग्टनला जायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून मधलं गाव निवडलं गेलं. तिथे अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी पाहुण्यांपुढे एक विचित्र वाटणारी मागणी ठेवली: तुम्ही मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा उभारताय, ती थांबवा. मॅक्नमारांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे कोसिजिन संतापले. आपल्या लोकांचं रक्षण करणं नैतिक आणि हल्ल्याची तयारी अनैतिक, असं त्यांचं म्हणणं होतं.

साध्या माणसाला कोसिजिनचंच पटेल. तरीही पाच वर्षांनी, २६ मे १९७२ रोजी, मॉस्कोत रिचर्ड निक्सन आणि लिओनिद ब्रेझनेव्ह यांनी नेमकी मॅक्नमारांची मागणी मान्य करणाऱ्या करारावर सह्या केल्या. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा प्रत्येक देशाने फक्त दोन ठिकाणी उभारायची, प्रत्येक ठिकाणी शंभरच्या वर मारक क्षेपणास्त्रं ठेवायची नाहीत, असं त्यात ठरलं. १९७४ मध्ये दोनाचं एकच ठिकाण झालं. दोन वैरी महासत्तांनी आपापली कोट्यवधी माणसं एकमेकांच्या माऱ्याखाली जाणूनबुजून उघडी ठेवली. असं का केलं, हे समजलं की अण्वस्त्रांच्या धाकाचं सगळं गणित समजतं.

या धाकाचा पाया आहे दुसरा वार. शत्रूने आधी हल्ला केला, आपली बरीचशी अण्वस्त्रं नष्ट केली, तरी उरलेल्यांतून त्याचा सर्वनाश करता येईल, एवढी ताकद शाबूत राहिली पाहिजे. मॅक्नमारांच्या खात्याने त्याचं मोजमापही ठरवलं होतं: सोव्हिएत संघाची पाचवा ते चौथा हिस्सा लोकसंख्या आणि निम्मे उद्योग नष्ट करण्याची क्षमता, तीही पहिला घाव सोसल्यानंतर. दोन्ही बाजूंकडे अशी क्षमता असेल, तर आधी वार करणं म्हणजे आत्महत्या. यालाच परस्पर खात्रीशीर विनाश म्हणतात. हडसन इन्स्टिट्यूटच्या डोनाल्ड ब्रेनन यांनी त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘मॅड’, म्हणजे वेडा, हा शब्द रूढ केला. ते स्वतः या धोरणाचे कडवे टीकाकार होते.

पण दोघांकडे भरपूर बॉम्ब असले म्हणजे स्थैर्य आलं, असं नव्हे. समजा, दोन देशांकडे प्रत्येकी शंभर क्षेपणास्त्रं आहेत, प्रत्येक क्षेपणास्त्र जमिनीखालच्या काँक्रीटच्या कोठीत, आणि प्रत्येकावर एकच अण्वस्त्र. अशी एक कोठी खात्रीने फोडायला साधारण दोन अण्वस्त्रं लागतात असं धरू. पहिल्या देशाने शंभरच्या शंभर सोडली, तर शत्रूच्या पन्नास कोठ्या फुटतील. हल्लेखोराचा साठा संपला आणि समोरच्याकडे पन्नास शिल्लक. आधी वार करणारा हरला. अशा स्थितीत कितीही तणाव असला तरी दोघांनाही थांबणंच परवडतं.

आता प्रत्येक क्षेपणास्त्रावर दहा अण्वस्त्रं बसवू, प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं. वीस क्षेपणास्त्रांवरची दोनशे अण्वस्त्रं शत्रूच्या शंभरही कोठ्या फोडू शकतात. हल्लेखोराकडे ऐंशी क्षेपणास्त्रं उरतात, समोरच्याकडे काहीच नाही. क्षेपणास्त्रांची संख्या तीच, समतोलही तोच, पण आता जो आधी उठेल तो जिंकेल. मुख्य म्हणजे हे दोघांनाही ठाऊक आहे. धोक्याची खोटी सूचना आली तरी “वापरा, नाहीतर गमवाल” हा विचार राज्यकर्त्याच्या मानगुटीवर बसतो. लढाईची इच्छा नसलेला देशही केवळ भीतीपोटी आधी बटण दाबू शकतो. पाणबुड्यांमुळे हे गणित बरंच सैल होतं, कारण समुद्रात लपलेली क्षेपणास्त्रं शोधणं फार अवघड असतं. म्हणून अभ्यासक पाणबुडीवरच्या अण्वस्त्रांना स्थैर्य वाढवणारी मानतात, आणि कोठीतल्या अनेकमुखी क्षेपणास्त्रांना स्थैर्य बिघडवणारी.

ढालीचा प्रश्न इथे येतो. पूर्ण ताकदीचा हल्ला कोणतीच यंत्रणा अडवू शकत नाही. पण शत्रूची बहुतेक अस्त्रं आधीच नष्ट केली असतील, तर मागे उरलेली थोडी पाडायला अर्धवट ढालही पुरेल. मुसळधार पावसात निरुपयोगी ठरणारी फाटकी छत्री रिमझिमीत चालून जाते, तसंच हे. त्यामुळे ढाल उभारणारा देश कितीही सद्भावनेने बोलला तरी समोरच्याच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग येतो: आधी हल्ला, मग ढालीआड बसणं. कोसिजिन यांचं म्हणणं माणूस म्हणून समजण्यासारखं होतं. पण शत्रू आपला हेतू पाहून नव्हे, आपली क्षमता पाहून तयारी करतो, आणि या मुद्द्यावर मॅक्नमाराच बरोबर होते.

तशी तयारी झालीही. मॉस्कोभोवतीची ढाल भेदण्यासाठी, हे एक मोठं कारण देऊन, अमेरिकेने अनेकमुखी अस्त्रांचा कार्यक्रम रेटला. १९७० मध्ये तीन अण्वस्त्रं वाहणारं ‘मिनिटमन-३’ तैनात झालं. १९७२ च्या करारांनी ढालीवर मर्यादा घातली, पण अनेकमुखी अस्त्रांना मोकळं सोडलं. ही त्या वाटाघाटींची सगळ्यात मोठी चूक होती. काही वर्षांतच सोव्हिएत संघाने दहा अण्वस्त्रांपर्यंत भार वाहणारी अवजड ‘एसएस-१८’ क्षेपणास्त्रं कोठ्यांत उतरवली, आणि आता अमेरिकेची झोप उडाली.

अमेरिकेने आपली एकमेव ढाल नॉर्थ डकोटात, क्षेपणास्त्रांच्या कोठ्यांच्या रक्षणासाठी उभारली. तिची मारक क्षेपणास्त्रं स्वतःच अण्वस्त्रधारी होती, त्यामुळे त्यांच्या स्फोटांनी आपलीच रडार आंधळी होण्याची भीती होती. १ ऑक्टोबर १९७५ रोजी ती पूर्णपणे सज्ज झाली आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ती बंद करण्याच्या बाजूने मतदान केलं.

१९९३ मध्ये अमेरिका आणि रशियाने ‘स्टार्ट-२’ करारावर सह्या केल्या. जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांवर एकच अण्वस्त्र ठेवायचं, हे त्यात ठरलं होतं. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या पहिल्या, सुरक्षित स्थितीकडे परतायचं. तो करार कधी अमलात आलाच नाही. १३ जून २००२ रोजी अमेरिका क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली. उत्तर कोरियासारख्या देशांच्या मोजक्या क्षेपणास्त्रांपासून बचाव, हे कारण तिने दिलं. दुसऱ्याच दिवशी रशियाने ‘स्टार्ट-२’ सोडून दिला. पुढे मार्च २०१८ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी ढाल चुकवणारी नवी अस्त्रं जगापुढे मांडली, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या त्याच निर्णयाकडे बोट दाखवलं.

ही साखळी दक्षिण आशियातही सुरू झाली आहे. भारत अनेक वर्षं क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या चाचण्या घेतो आहे. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने ‘अबाबील’ या अनेकमुखी क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, तेव्हा या प्रदेशात वाढणाऱ्या अशा यंत्रणांचंच कारण पुढे केलं. ११ मार्च २०२४ रोजी भारताने ‘मिशन दिव्यास्त्र’खाली अनेक अण्वस्त्रं वाहू शकणाऱ्या अग्नी-५ ची चाचणी केली, त्याचा पल्ला पाहता त्यामागे चीनचा विचार उघड आहे. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचं भारताचं धोरण या गणितात मोलाचं आहे. पण इस्लामाबादचे नियोजनकार त्या शब्दावर विसंबून राहत नाहीत, क्षमता मोजतात.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा १९८८ चा करार आहे, आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा २००५ चाही आहे. ढालीवर किंवा एका क्षेपणास्त्रावर किती अण्वस्त्रं असावीत यावर मात्र दोन्ही देशांत कसलाच करार नाही. संबंध कितीही ताणलेले असले तरी हा विषय चर्चेच्या यादीत आला पाहिजे, आणि तो अशी अस्त्रं मोठ्या संख्येने तैनात होण्याआधी यायला हवा.