पिल्सनरला लोण्याचा वास का येतो?

१८३८ साली बोहेमियातल्या प्लझेन शहरात बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं भर चौकात ओतून देण्यात आली. नागरिकांनी मग स्वतःचा कारखाना उभारला आणि बाव्हेरियाहून योझेफ ग्रोल या ब्रूअरला आणलं. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा काढला. फिकट माल्ट, तिथलं अतिशय मृदू पाणी, झातेत्सचे हॉप्स आणि तळघरातली थंडी यांतून सोनेरी, नितळ पिल्सनर जन्माला आली.

ही बिअर करणं अवघड, कारण तिच्यात दोष लपायला जागाच नाही. काळपट बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा कडवटपणा बरंच काही झाकतो. झातेत्सचे हॉप्स त्या मानाने फार सौम्य. जर्मनीतल्या हालरटाऊ, टेटनांग आणि श्पाल्टच्या हॉप्सबरोबर त्यांना ‘नोबल’ म्हणतात. त्यांचा वास फुलांचा, किंचित मसालेदार. पण कडूपणा देणारं आम्ल जेमतेम तीन-चार टक्के, म्हणून हॉप्स भरपूर घालावे लागतात. पाणी जड असेल तर त्यांचा कडूपणा जिभेवर खरखरीत लागतो.

खरी कसोटी असते ती लोण्याच्या वासाची. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १२ अंशांवर काम करतं. वाढताना ते एक बिनवासाचं द्रव्य बाहेर टाकतं आणि त्यातून हळूहळू डायअसेटिल तयार होतं. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम डायअसेटिलसुद्धा अशा बिअरमध्ये जाणवतं. यीस्ट पुढे तेच शोषून निरुपद्रवी करतं, पण त्यासाठी ते जिवंत, जागं आणि पुरेसं हवं. थंडीत हे सगळंच संथ चालतं. म्हणून पुष्कळ ब्रूअर आंबणं संपत आलं की तापमान १५-१६ अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस थांबतात.

थांबणं पुरेसं झालं की नाही, हे नाकानेच तपासतात. नमुना दोन बंद बाटल्यांत घ्यायचा. एक साठेक अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. तापवलेल्या बाटलीला लोण्याचा वास आला आणि दुसरीला नाही, तर ते बिनवासाचं द्रव्य अजून शिल्लक आहे. अशा वेळी टाकी शून्याला नेली तर यीस्ट तळाशी बसतं आणि लोणी पुढे बाटलीत उगवतं. घाईने केलेल्या पिल्सनरची माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे.

दोन्ही बाटल्या स्वच्छ निघाल्या, तरच शून्य ते दोन अंशांची विश्रांती सुरू होते आणि ती अनेक आठवडे चालते. या काळात यीस्ट आणि गढूळपणा आणणारी प्रथिनं खाली बसतात, गंधकाचा उग्र वास ओसरतो, चव गोलसर होते. तेवढा काळ टाकी अडकून पडते, आणि बहुतेक कारखान्यांना ते परवडत नाही.

पुढच्या वेळी पिल्सनर मागवलीत, तर ग्लास पाच मिनिटं तसाच ठेवा आणि मग वास घ्या. बर्फगार बिअरमध्ये लोणी नाकाला सापडत नाही.